जांभळ्या टोपणाचे दहा थेंब

इंदापूर तालुक्यातले एक शेतकरी, वय साधारण पंचावन्न, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेणारे. वार्षिक तपासणी म्हणून गावातच रक्त दिलं आणि संध्याकाळी बारामतीत माझ्या टेबलावर रिपोर्ट आला: पोटॅशियम ७.३. नेहमीच्या माणसाचं साडेतीन ते पाचच्या आसपास असतं. सातच्या वर गेलं की हृदयाचे ठोके कधी बिघडतील याचा नेम नाही. शिवाय टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे आकडा खोटा वाटण्याचं काही कारण नव्हतं. फोन केला तर हे गृहस्थ जेवायला बसलेले. "मला काय बी झालं न्हाय, डॉक्टर," म्हणाले.

त्याच रिपोर्टात चार ओळी खाली कॅल्शियम होतं, ५.१. ते नऊ-साडेनऊ असायला हवं. पाचपर्यंत उतरलेल्या माणसाची बोटं वळतात, पेटके येतात. तो निवांत भाकरी मोडत बसत नाही. आणि अल्कलाइन फॉस्फटेज अवघं ९. क्रिएटिनिन मात्र अगदी ठीक. मूत्रपिंड चांगलं, पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात, असं एकत्र दिसलं की मी रोग शोधत नाही, बल्ब शोधतो.

हा बघा जांभळ्या टोपणाचा बल्ब. उजेडात धरला तर आतल्या भिंतीवर पांढुरके ठिपके दिसतील. ते ईडीटीए, पोटॅशियमचा क्षार. दोन मिली रक्ताच्या बल्बमध्ये साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास असतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते घट्ट धरून ठेवतो, म्हणून रक्त पातळ राहतं आणि सीबीसी करता येते. पण त्याच्या प्रत्येक कणाबरोबर दोन पोटॅशियम सुटतात. शिवाय हा क्षार पेशींत शिरत नाही, सगळा बाहेरच्या द्रवात राहतो. त्यामुळे या बल्बमधल्या द्रवात मूळ पोटॅशियमवर आणखी सोळा चढलेलं असतं.

आता गणित करू. रक्त काढणाऱ्या मुलाला मी विचारलं. घाबरला, पण खरं बोलला: "सर, प्लेन बल्बला रक्त कमी पडलं, म्हणून जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं." दोन मिलीत अर्धा मिली, म्हणजे दहाएक थेंब. एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा. सोळाचा पाचवा हिस्सा तीनच्या थोडा वर. मूळचं चार अधिक तीन, झालं सात. इकडे ईडीटीएने कॅल्शियम ओढून घेतलं, आणि फॉस्फटेजला चालायला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियमही. दुसऱ्या दिवशी ताजं रक्त घेतलं: पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.४. आदल्या रात्री कुणी घाईने इन्शुलिन दिलं असतं, तर निरोगी माणसाची साखर उतरली असती.

जांभळ्यातला क्षार दुसऱ्या बल्बमध्ये जाऊ नये म्हणूनच बल्ब भरण्याचा क्रम ठरलाय. आधी निळा, मग प्लेन, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी करडा. १९८२ साली कॅलम आणि कूपर या दोघांनी असा क्रम लिहून मांडला. करडा शेवटी, कारण त्यातल्या फ्लोराइडबरोबर बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असतं. तेही पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियम खाली बसवतं.

आता एक वाद आहे, तो लपवत नाही. बंद व्हॅक्यूम बल्ब नीट वापरले, तर सुईच्या टोकावरून जाणारा क्षार नगण्य असतो, क्रम चुकला तरी आकडा क्वचितच हलतो, असं अनेक अभ्यास सांगतात. मला ते पटतं. पण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अजून सिरिंजने रक्त काढून टोपणं उघडून बल्ब भरतात. सिरिंजचं टोक जांभळ्याच्या भिंतीला टेकतं आणि तेच पुढच्या बल्बमध्ये जातं. आणि ओतण्याला तर कुठलाच क्रम वाचवत नाही.

रक्तपेशी फुटल्या, किंवा सॅम्पल रात्रभर फ्रिजमध्ये पडलं, तरी पोटॅशियम खोटं वाढतं. पण तिथे कॅल्शियम जागेवर राहतं. फरक ओळखायची खूण हीच.

माझी खरी भीती मात्र दहा थेंबांची नाही, दोन-तीनची आहे. जुलाबांनी बेजार झालेल्या बाईचं पोटॅशियम खरं २.७ आहे असं धरा. सहा टक्के जांभळं मिसळलं की एक वाढेल आणि रिपोर्टात ३.७ छापून येईल. सगळं ठीक! कुणी थांबणार नाही, सलाइनमध्ये पोटॅशियम घालणार नाही. तिथे बोलणारी ओळ एकच उरते, साडेसातच्या आसपास आलेलं कॅल्शियम; आणि पुष्कळदा ती तपासणी मागवलेलीच नसते.