बेसन कधी भाजलं म्हणायचं?

बेसनाच्या लाडवाची कृती विचारली, की पहिला प्रश्न येतो, ‘किती मिनिटं भाजायचं?’ याचं नेमकं उत्तर घड्याळात नाही. निदान केळशीसारख्या गावात तरी नाहीच. दापोली तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. इथली हवा दमट, त्यामुळे डब्यातलं पीठ ओल धरतं. ही ओल निघून जाईपर्यंत पिठाला खमंगपणा येत नाही. म्हणून कोरड्या हवेत अर्ध्या तासात भाजणारं बेसन इथे कधी पाऊण तास घेतं.

अर्धा किलो जाडसर दळलेलं बेसन घ्या. त्याला साधारण पाव किलो तूप लागतं. त्यातलं पाऊण तूप जाड बुडाच्या कढईत आधी घाला आणि आच मंद ठेवा. सुरुवातीला बेसन सगळं तूप पिऊन टाकतं, गोळे होतात, उलथनं जड लागतं. बरेचजण इथेच घाबरून आणखी तूप ओततात. ते करू नका. गोळे मोडत, तळ आणि कडा खरवडत ढवळत राहा. दाणे तापले की तेच तूप पुन्हा सुटू लागतं, मिश्रण सैल होतं आणि हात हलका चालतो. ही पहिली खूण. उरलेलं तूप आता लागेल तसं घाला.

दुसरी खूण वासाची. आधी ओल्या डाळीसारखा कच्चा वास येतो, मग तो नाहीसा होतो आणि शेवटी खमंग वास दरवळतो. मात्र कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला त्या वासाची सवय होते. अशा वेळी उलथनं दुसऱ्याच्या हाती द्यावं, अंगणात एक फेरी मारून यावं आणि उंबऱ्यातच वास घ्यावा. तिथेच खमंग वास आला, की गॅस बंद करा.

रंग पुरता तांबूस होण्याची वाट पाहू नका. जाड कढईत उष्णता राहते, गॅस बंद केल्यावरही बेसन भाजतच असतं. म्हणून खाली उतरवल्यावरही पाच मिनिटं ढवळा किंवा लगेच परातीत काढा.

आच मोठी केली, तर दाण्याची बाहेरची बाजू करपते आणि आत कच्चं राहतं. असा लाडू रंगाने छान दिसतो, पण खाताना टाळ्याला चिकटतो. करपलेल्या बेसनाचा कडवटपणा तर साखरेनेही झाकत नाही, पाव किलो तूपही त्यासोबत वाया जातं.

बेसन कोमट झालं, की चारशे ग्रॅम पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड मिसळा. गरम असताना साखर घातली तर मिश्रण पातळ होतं आणि वळलेले लाडू ताटात बसतात. तेव्हा भाजताना जो धीर धरला, तोच थोडा वेळ इथेही धरावा.