त्याच दर्जाचं घर म्हणजे महिना किती?
(केंद्रावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यातलं कलम १९ आपण अर्जात लिहितो. ती राहत होती त्याच दर्जाचं घर नवऱ्याने द्यावं, नाहीतर त्याचं भाडं द्यावं, असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. पण भाड्याचा आकडा मात्र आपण अंदाजाने टाकतो. मग समोरचा वकील उठतो आणि म्हणतो, "सहा हजारात खोली मिळते." आपल्याकडे उत्तर नसतं.

डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या एका मैत्रिणीचा हिशेब सांगते. सासरचं घर म्हणजे एक बेडरूम, हॉल, किचन. कार्पेट ४२० चौरस फूट, लिफ्ट आहे, स्टेशन चालत पंधरा मिनिटं. आधी एवढं कागदावर लिहायचं. फूट मोजताना आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावायची. जाहिरातीत बहुधा बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप सांगतात, त्यात भिंती आणि जिनासुद्धा मोजलेला असतो. त्यामुळे जाहिरातीतलं ५५० फुटांचं घर हिच्याच ४२० एवढं निघू शकतं.

जाहिराती जमवल्या. एकच घर तीन एजंटांनी टाकलं होतं, ते एकदाच धरलं. नव्या टॉवरमधलं फर्निचरसकट १९,००० चं घर काढून टाकलं, कारण ते हिच्या घरासारखं नाही. तीन घरं उरली.

पहिलं तिच्याच गल्लीत. भाडं १४,०००, मेंटेनन्स वेगळा १,५००, डिपॉझिट ५०,०००. दुसरं १५,०००, मेंटेनन्स त्यातच, डिपॉझिट एक लाख. तिसरं फक्त ११,५००, मेंटेनन्ससकट! पण डिपॉझिट तीन लाख.

डिपॉझिट परत मिळतं, म्हणून ते फुकट आहे असं आपल्याला वाटतं. पण तेवढे दिवस पैसा मालकाकडे अडकतो. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क काढताना सरकारसुद्धा डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतं. आपणही तेच धरू. ५०,००० वर महिन्याला साधारण ४१७ रुपये, लाखावर ८३३, तीन लाखांवर २,५००. आता बेरीज करा. पहिलं घर १५,९१७, दुसरं १५,८३३, तिसरं १४,०००. साडेअकराचं घर चौदा हजारांचं झालं. ते चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती, म्हणून स्वस्त.

आणि हे १० टक्के ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी. आपल्या मैत्रिणीने तीन लाख महिना दोन टक्क्यांनी उचलले, तर व्याजच ६,००० जाईल. म्हणून कमी भाड्याचं, मोठ्या डिपॉझिटचं घर वकिलाने दाखवलं की हा हिशेब पुढे ठेवा. अर्जात डिपॉझिट वेगळं मागा. ते नवऱ्याने भरायचं असेल, तर भाड्यात त्याचं व्याज पुन्हा धरू नका. दोनदा मोजलेला पैसा लगेच पकडला जातो, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मेंटेनन्सचं बिल डोळ्यांनी बघा. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, मालमत्ता कर हा मालकाचा खर्च; तो भाडेकरूवर ढकलला असेल तर बोला. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जो नॉन-ऑक्युपन्सी आकार लावते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे.

जाहिरातीतला आकडा हा मागितलेला आकडा, ठरलेला नव्हे. ठरलेला नोंदणीकृत करारात सापडतो. या मैत्रिणीच्या इमारतीतल्या दोन भाडेकरूंनी आपले करार दाखवले. एक आठ महिन्यांपूर्वीचा, मेंटेनन्ससकट १४,०००, डिपॉझिट ५०,०००. नूतनीकरणाला पाच टक्के वाढ लिहिलेली, म्हणजे १४,७००. दुसराही जवळपास तेवढाच. तेव्हा आम्ही १५,००० मागितले आणि डिपॉझिट ५०,००० वेगळं. दलाली नि नोंदणीचा खर्चही लिहिला. जाहिरातींची कात्रणं आणि करारांच्या प्रती जोडल्या.

फोन मात्र दोघींनी वेगवेगळा करा. एकीने "मी आणि माझे मिस्टर" म्हणायचं, दुसरीने "मी आणि माझी मुलगी". आमच्या वेळी एका मालकाने पहिलीला १५,००० सांगितले आणि दुसरीला १६,५००. दुसऱ्या मालकाने दुसरीला घरच नाकारलं. तारीख-वेळ लिहून ठेवा. नवऱ्याबरोबरच्या बाईला जो भाव मिळतो, तो एकटीला मिळत नाही, हेही कोर्टाला सांगायला हवं.

अर्थात नवऱ्याचा पगार बघून आकडा कमी होऊ शकतो. आम्हाला १३,००० मिळाले, डिपॉझिट पूर्ण. तिला त्याच गल्लीत घर मिळालं नाही, पण मुलीची शाळा बदलावी लागली नाही.