चॅटमधला दहा मिनिटांचा खेळ

पुणे, नागपूर, बंगळूरु असे विखुरलेले सहकारी चालू व्हिडिओ कॉलमध्येच हा खेळ खेळू शकतात; वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.

सूत्रधार विचारतो, ‘पोह्यांवर काय हवंच?’ प्रत्येकाने एका शब्दात उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं, पण पाठवायचं नाही. ‘एक, दोन, तीन’ म्हणताच सगळ्यांनी एकदम पाठवायचं. ज्यांची उत्तरं जुळली, त्यांना एकेक गुण. तोंडी उत्तरं घेतली की आवाज एकमेकांवर चढतात आणि हळू बोलणारे मागे पडतात. इथे तसं होत नाही.

कुणी आधीच पाठवलं, तर बाकीचे उत्तर बदलतात. तेव्हा तो प्रश्न रद्द करावा. माणसं दहाहून जास्त असतील, तर दोन गट करा. पाच प्रश्न पुरेत.