भिंत पाडण्याआधी वर बघा, खाली बघा

(सोसायटीच्या गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षात काहीतरी गोड बोलावं अशी अपेक्षा असते. पण सेक्रेटरींनी सांगितलं, ‘काका, तुमचा जन्म इमारतींच्या दुरुस्तीत गेला, तेव्हा त्यावरच बोला.’ म्हणून आपल्याच बिल्डिंगमधल्या एका भिंतीची गोष्ट सांगतो. घराचं नाव घेत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला हॉल आणि आतली छोटी खोली एक करायची होती. मुलाचं लग्न ठरलेलं, जागा मोकळी हवी. कॉन्ट्रॅक्टरने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या, टेप लावली आणि म्हणाला, ‘साडेचार इंची पार्टिशन आहे, संध्याकाळपर्यंत मोकळं करून देतो.’ त्यांनी सहज मला विचारलं, म्हणून काम एक दिवस थांबलं.

‘पातळ भिंत म्हणजे पार्टिशन, जाड भिंत म्हणजे भार घेणारी’ हा नियम आपण सगळेच ऐकत आलोय. तो पुष्कळदा बरोबर निघतो, पण इमारत कशी बांधलीय हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपली बिल्डिंग आरसीसीची आहे. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा खांबांवर आणि खांबांचा पायावर जातो. मधल्या विटांच्या भिंती फक्त आडोसा देतात. मी गिरगावात ज्या चाळीत वाढलो तिथे मात्र लाकडी सांगाडा होता. दोन खोल्यांमधल्या विटांच्या पातळ भिंतीच्या पोटात लाकडी खांब उभा असायचा आणि वरची तुळई त्यावर टेकलेली असायची. ती भिंत पातळ म्हणून पाडली असती, तर वरच्या बिऱ्हाडाची जमीन खाली आली असती. आणि आता परळला जे नवे टॉवर उभे राहतायत, त्यांतल्या काहींमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. तिथे सहा इंचांची भिंतसुद्धा काँक्रीटची असते आणि तीच खांबाचं काम करते. तिच्यात साधी खिडकी पाडायलाही हात लावायचा नाही.

म्हणून पहिलं काम टिचकी मारण्याचं नाही, नकाशा काढण्याचं. आर्किटेक्टचा नव्हे, आरसीसीचा नकाशा. त्यात खांब, बीम आणि स्लॅबच्या सळ्यांची दिशा दाखवलेली असते. आपल्या ऑफिसच्या कपाटात तो आहे, फक्त कडा वाळवीने खाल्ल्यात. त्या नकाशात या भिंतीखाली किंवा वर बीम नव्हता. स्लॅब एका बाजूच्या बीमपासून दुसऱ्या बाजूच्या बीमपर्यंत सलग होता. म्हणजे कागदावर कॉन्ट्रॅक्टर बरोबर होता.

पण कागदावरचं घर आणि पंचवीस वर्षं वापरलेलं घर एकच असतं असं नाही. म्हणून आम्ही भिंतीची तपासणी केली. छोट्या ड्रिलने तीन ठिकाणी भोकं पाडली. पहिला इंचभर राखाडी भुकटी येते, ती प्लास्टरची. पुढे लाल आली तर वीट. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल अडखळलं तर काँक्रीट. (हलक्या ब्लॉकची भुकटीही पांढरट असते, पण त्यात ड्रिल लोण्यासारखं जातं.) दोन भोकांतून लाल आली. तिसऱ्यातून, खिडकीकडच्या टोकाला, राखाडी. तिथे नऊ इंची खांब होता आणि प्लास्टर आणि लोखंडी कपाटाच्या मागे तो भिंतीत दडून गेला होता. संध्याकाळपर्यंत मोकळं करण्याच्या घाईत हातोडा पहिल्यांदा तिथेच बसला असता.

मग आम्ही वर गेलो. चौथ्या मजल्यावर त्या छोट्या खोलीत कुणीतरी कधीतरी दुसरं बाथरूम केलेलं होतं. पाइप बसावेत म्हणून जमीन सहा इंच उचलून विटांचा कोबा भरलेला. हिशोब सोपा आहे. घराच्या स्लॅबवर माणसं, सामान धरून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. हा सहा इंचांचा कोबाच तेवढ्याच जागेत सुमारे २७० किलोचा. स्लॅब थोडा वाकला आणि खालच्या विटांच्या भिंतीवर टेकला. म्हणजे जी भिंत बांधताना निव्वळ आडोसा होती, ती हळूहळू टेकू बनली होती.

हे घरात बसून कसं ओळखायचं? तीन खुणा सांगतो. भिंत आणि छत यांच्या सांध्यावरचं प्लास्टर चुरगळून फुगलं आहे का? त्या भिंतीतला दरवाजा पावसाळा नसतानाही घासतो आहे का? भिंतीवर तिरकी चीर आहे का? तिन्ही खुणा तिथे होत्या. घरातल्या वहिनी म्हणाल्या, ‘दार तर चार वर्षं घासतंय, आम्ही दरवर्षी रंधा मारून घेतो.’ एवढ्या खुणांवरून भिंत पाडता येत नाही, पण तिला हात लावू नये एवढं नक्की कळतं. पुढचं ठरवायला स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. त्याने सळ्या शोधण्याचं यंत्र स्लॅबवर फिरवलं आणि आकडेमोड करून सांगितलं, वरचा कोबा निघेपर्यंत भिंत राहू द्या.

चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना कोबा काढायला राजी करणं हे सगळ्यात अवघड काम होतं. त्यांची चूक नव्हती, त्यांनी घर तसंच घेतलं होतं. शेवटी बाथरूमच्या गळतीच्या कामाबरोबर कोबा काढला आणि हलकं भरण घातलं. मग तिसऱ्या मजल्यावर स्लॅबला टेकू दिले. ते टेकू दुसऱ्या मजल्याच्या छतावर उभे राहतात, म्हणून त्यांच्या खालीही टेकू दिले. भिंत वरच्या रांगेपासून एकेक वीट काढून उतरवली. दहा फुटांची भिंत सव्वादोन टनांची असते. तिचं डेब्रिज एका कोपऱ्यात ढीग घालून ठेवलं तर तोच ढीग स्लॅबला जड होतो, म्हणून गोण्या रोज खाली उतरवल्या. खांब तसाच राहिला. आता त्यावर कॅलेंडर लटकतंय, तेही चिकटवून, खिळा न मारता.

काम दोन महिने लांबलं आणि लग्न आधी झालं. सूनबाई जुन्याच भिंतीच्या घरात आल्या. त्याची हुरहूर कुटुंबाला आहे, हे मी जाणतो.

पण २५ जुलै २०१७ आठवा. घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. गेलेल्यांत अशीही माणसं होती ज्यांनी स्वतःच्या घरात एक वीटसुद्धा हलवली नव्हती. भिंत आपल्या मालकीची असते, तिच्यावरून जाणारा भार सगळ्यांचा असतो.

म्हणून कमिटीकडे माझी एकच मागणी आहे. तो वाळवी लागलेला आरसीसी नकाशा या वर्षीच नीट स्कॅन करून घ्या. आणि भिंत काढण्याच्या अर्जाला तीन कागद सक्तीचे करा. नकाशाची प्रत, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र, आणि वरच्या व खालच्या घरात जाऊन पाहणी केल्याची नोंद. तिसरा कागद विसरू नका, आपली भिंत त्यानेच वाचवली.

गणपती बाप्पा मोरया!