बायोडाट्यातली शेवटची ओळ

बी.कॉम. झालेली एक मुलगी लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज करते आहे असं समजा. तिच्या बायोडाट्यात तळाशी एक ओळ आहे: 'राष्ट्रीय सेवा योजनेत सहभाग'. यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी तिने लिहावं: 'राष्ट्रीय सेवा योजना, 2 वर्षं, 240 तास, 7 दिवसांच्या निवासी शिबिरात जेवणखर्चाचा रोजचा हिशेब ठेवला, पावत्या जुळवून महाविद्यालयाला सादर केल्या.' हे काम आता थेट लेखापालनाशी जोडलं गेलं. म्हणून ते तळातून उचलून अनुभवाच्या सदरात घ्यावं, 'स्वयंसेवक' हा शब्द न लपवता.

तिने टॅलीचा कोर्स केला असेल, तर तो संस्था आणि वर्षासह ठेवावा. परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली असेल, तर तसं स्पष्ट म्हणावं. अर्धवट कोर्सपुढे 'सुरू आहे' लिहावं. एका दिवसाच्या वेबिनारच्या हजेरीची प्रमाणपत्रं मात्र सरळ काढून टाकावीत. ती दहा असली, तर त्यांच्या गर्दीत टॅली दिसेनासं होतं. मुलाखतीत कुणी विचारेल, 'पावती आणि रोकड जुळली नाही तेव्हा काय केलंत?' याचं उत्तर देता येईल, तेवढंच कागदावर ठेवावं.