उसाखालचं पाणी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कृष्णाकाठच्या श्रोत्यांना पूर म्हणजे काय हे मी सांगायचं, हे जरा धाडसाचंच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट. तो पूर तुम्ही माळ्यावरून पाहिला, मी संगणकाच्या पडद्यावर पाहिला. माझ्या पडद्यावर त्यातला बराच भाग दिसतच नव्हता. आज त्या न दिसलेल्या भागाबद्दल बोलणार आहे.

पुराच्या दिवसांत आकाशात ढग असतात, म्हणून साधा फोटो काढणारा उपग्रह तेव्हा बिनकामाचा. अशा वेळी रडारचा उपग्रह वापरतात. युरोपचा सेंटिनेल-१ हा त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा. तो स्वतःच तिरप्या रेडिओलहरी खाली सोडतो आणि परत काय येतं ते मोजतो. रात्री घाटावर उभं राहून नदीवर बॅटरी मारा. पायऱ्या उजळतात, पण संथ पाणी काळंच राहतं, कारण पाण्यावर पडलेला झोत पलीकडे निघून जातो, तुमच्याकडे परतत नाही. रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं ते याच कारणाने. रानातून परतणारी लहर पाण्यावरून परतणाऱ्या लहरीपेक्षा साधारण दहा पट जोरदार असते. त्यामुळे संगणकाला कुठेतरी मधे रेघ मारून पाणी आणि जमीन वेगळी करता येते. ही रेघ आपोआप शोधण्याची पद्धत नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडली. ती अजूनही चालते.

या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. चाळीस ठिपक्यांचा एकर! युरोपातल्या शास्त्रज्ञांनी हे आपल्या सातबाऱ्यासाठी केलेलं नाही, पण जुळलंय खरं.

एवढ्यावर नकाशा तयार होतो आणि तो चुकतो. गगनबावडा, राधानगरीकडे जुलैत भाताची रोपलागण झालेली असते, खाचरांत पाणी उभं असतं. पुराआधीचं म्हणून तुम्ही मे महिन्याचं चित्र तुलनेला घेतलंत, तर सगळी भातखाचरं पूरग्रस्त ठरतात. म्हणून तुलनेचं चित्र रोपलागणीनंतरचं हवं. ही चूक सोपी आहे, एकदा कळली की होत नाही.

उसाची चूक तशी नाही. समजा, नदीकाठी दहा एकर सोयाबीन आहे आणि त्याला लागून दहा एकर आडसाली ऊस. दोन्हीकडे पाणी सारखंच, पुरुषभर. सोयाबीन पूर्ण बुडालं, चारशे ठिपके काळे झाले. ऊस मात्र पाण्याच्या वर डोकं काढून उभा आहे. सेंटिनेलची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची. ती उसाच्या पाचटात आणि पानांतच अडकते, खालच्या पाण्यापर्यंत पोचत नाही. पानांवरूनच परत येते आणि सांगते, इथे पीक उभं आहे, कोरडं आहे. म्हणजे वीस एकरांतले दहाच एकर नकाशावर बुडतात. शिरोळ तालुक्यात, जिथे नजर जाईल तिथे ऊस, तिथे हा हिशेब किती घसरत असेल याची कल्पना करा.

ही चूक ओळखायची एक खूण आहे. नकाशावर पुराची कड बांधाच्या रेषेत सरळ जात असेल, काटकोनात वळत असेल, तर ती पाण्याची कड नव्हे. पाण्याला गटनंबर वाचता येत नाहीत.

मग इथे यंत्रशिक्षण काही करू शकेल का? असा प्रोग्रॅम ओत्सुसारखी एकच रेघ मारत नाही. त्याला आधी पुराची शेकडो चित्रं आणि प्रत्येकाचं बरोबर उत्तर दाखवतात, आणि तो आकार, पोत, शेजार यांवरून शिकतो. वाऱ्याने खवळलेलं पाणी, डोंगराची सावली, विमानतळाची धावपट्टी असल्या गोंधळांत तो खरोखर जास्त शहाणा ठरतो. पण बरोबर उत्तर कोण लिहितं? कुठल्यातरी खोलीत बसलेला माणूस, तेच चित्र किंवा ढगांच्या फटीतून मिळालेला फोटो बघून. त्यालाही उसाखालचं पाणी दिसत नाही, म्हणून तो तिथे ‘कोरडं’ लिहितो. प्रोग्रॅम ते मन लावून शिकतो. पुढे परीक्षेतही तसलीच उत्तरपत्रिका, त्यामुळे गुण नव्वदच्या पुढे. मास्तरला जे दिसत नाही, तेच पोराला पाठ.

यातून वाट काढायची तर पाण्याच्या एका गुणाचा आधार घ्यावा लागतो. पसरलेलं पाणी जवळजवळ सपाट असतं. पाण्याची कड जिथे उघड्या माळाला लागते, तिथे ती खरी असते. अशा जागांची उंची उंचीच्या नकाशावरून घ्यायची, म्हणजे त्या भागातल्या पाण्याची पातळी मिळते. शेजारच्या उसाची जमीन त्या पातळीहून दोन मीटर खाली असेल आणि वाटेत उंचवटा नसेल, तर रडार काहीही म्हणो, तिथे दोन मीटर पाणी आहे. हे काम मी अनेकदा केलंय आणि पहिल्यांदा केलं तेव्हा उसाचे पट्टे बेटांसारखे कोरडेच राहिले. कारण शोधायला दोन दिवस गेले. जगभर वापरला जाणारा उंचीचा एक नकाशा अमेरिकी अंतराळयानावरून फेब्रुवारी २००० मध्ये काढलेला आहे. तोही रडारने, सेंटिनेलएवढ्याच लांबीच्या लहरीने. फेब्रुवारी म्हणजे आपला गळिताचा हंगाम. काही फडांना तोड लागलेली, काही उभे. उभ्या फडाची उंची त्याने जमीन म्हणून धरली, आणि ती शेतं कायमची दोन-एक मीटर वर उचलली गेली! तेव्हापासून मी एखादं शेत आजूबाजूच्या शेतांपेक्षा चौकोनी आकारात उंच दिसलं, की ते आधी खाली उतरवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. पंचनाम्यात पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का, हे ठरवावं लागतं. उसाच्या बाबतीत ते पाण्याच्या पसाऱ्यावर ठरत नाही, खोलीवर आणि दिवसांवर ठरतं. शेंडा वर राहिला तर ऊस बऱ्याचदा सावरतो. पोंग्यात गाळ बसला की शेंडा कुजतो, मग पांगशा फुटतात आणि वजन जातं. म्हणून मला पाणी कुठे होतं याबरोबर ते किती चढलं होतं हेही हवं असतं. उपग्रह त्याच वाटेने बारा दिवसांनी येतो. नेमक्या चढाच्या दिवशी तो इथे नसला, तर पुलावरच्या फुटपट्टीचे रोजचे आकडे घेऊन मधले दिवस भरावे लागतात.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा उपग्रह गेला. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे. लांब लहर पानांना फारशी जुमानत नाही. ती खाली पाण्यावर आपटते, तिथून उभ्या कांडीवर, आणि तिथून परत वर. त्यामुळे उसाखाली पाणी असलं तर तो फड काळा न दिसता उलट जास्त उजळ दिसायला हवा. म्हणजे मुळातच उलटा नियम. जुन्या उत्तरांवर शिकलेल्या प्रोग्रॅमला तो नव्याने शिकवावा लागणार.

पण त्यातही एक मेख आहे. ही दुहेरी उसळी मिळायला कांडी उभी हवी. ऑगस्टच्या वाऱ्यापावसात आणि पुराच्या ओढीत तेरा महिन्यांचा आडसाली ऊस उभा किती राहतो, हे तुम्ही मला सांगायचं. लोळलेल्या फडात ती लहर काय दाखवेल हे तपासायला मला लोळलेले फड नकाशावर हवेत, तारखेसकट. आणि कांडीवर गाळाची रेघ जमिनीपासून किती फुटांवर आहे, तो आकडा. गोठ्याच्या भिंतीवर तुम्ही २०१९ आणि २०२१ च्या खुणा करून ठेवल्या आहेत ना? तोच आकडा, फडातला. व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे, गावाचा नकाशा टेबलावर पसरून ठेवला आहे.