जुना केसपेपर, जुनाच नंबर

मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून मुंबईच्या रुग्णालयात जाणाऱ्यांनी भरती-ओहोटी पाहूनच ओपीडीची वेळ घ्यावी. ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळे लाँच खोळंबते.

केंद्र सरकारच्या ors.gov.in या संकेतस्थळावर त्यात जोडलेल्या सरकारी रुग्णालयांची वेळ घेता येते. रुग्णालय, विभाग आणि तारीख निवडायची. मग मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा.

चूक होते ती नोंदणीत. समजा, आईचा मधुमेहाचा केसपेपर त्याच रुग्णालयात आहे आणि मुलाने घाईत तिची ‘नवीन रुग्ण’ म्हणून नोंद केली. आईला दुसरा नंबर मिळतो आणि जुने रिपोर्ट पहिल्याच नंबरवर राहतात. म्हणून केसपेपरवरचा यूएचआयडी नंबर टाका. नाव, वय आणि मोबाइलही तेच ठेवा.

लक्षणांचा रकाना असेल, तर ‘पाय दुखतो’ एवढ्यावर थांबू नका. ‘उजव्या टाचेला दहा दिवसांपासून जखम, भरत नाही, मधुमेहाची गोळी चालू’ असे लिहा. रिपोर्टचा फोटो जोडायचा असेल, तर त्यात नाव आणि तारीख दिसायला हवी. मूळ कागद मात्र सोबत न्याच.

जखम काळी पडली किंवा ताप आला, तर तारखेची वाट पाहू नका. थेट तातडीच्या विभागात जा.